बिलावरची खाडाखोड: जुना आणि नवा, दोन्ही आकडे दिसत असतील तर काय करायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हार्डवेअरची दुकानं, बिल्डिंग मटेरियलवाले, फॅब्रिकेशनची वर्कशॉप, टेम्पोवाले, मंडपवाले अशा अनेक ठिकाणी आजही बिलबुकात हातानेच बिल फाडलं जातं. हाताने लिहिताना चुका होतात आणि त्या त्याच कागदावर दुरुस्त केल्या जातात. मग ते बिल ज्याच्या टेबलावर येतं त्याला प्रश्न पडतो. अकाउंट सांभाळणारे, गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार आणि स्वतः बिल फाडणारे दुकानदार यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतातल्या जीएसटी व्यवस्थेला धरून आहेत.

१. खाडाखोड असलेलं बिल चालतं का, की बघताक्षणी परत पाठवायचं?

खाडाखोड आहे एवढ्याच कारणाने बिल बाद होत नाही. दुरुस्ती कशी केली आहे ते आधी बघा.

एक प्रकार गिरवण्याचा. ३ चा ८ केला, १ चा ७ केला, शाई दोनदा फिरवली. इथे जुना आकडा नव्याच्या पोटात जातो आणि दोन्ही धड वाचता येत नाहीत. दुसरा प्रकार खोडून लिहिण्याचा. जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी किंवा वर नवा आकडा, बाजूला सही. इथे आधी काय होतं आणि आता काय आहे हे कोणालाही वाचता येतं.

खोडून लिहिलेलं आणि सही असलेलं बिल तपासून घेता येतं. गिरवलेल्या रकमेचं बिल मात्र शक्य तोवर बदलून मागावं. अनेकांना दोन आकडे दिसणं हाच बिलाचा दोष वाटतो आणि ते दुकानदाराला म्हणतात, 'नीट झाकून टाका ना.' तसं कधीही सांगू नका. जुना आकडा दिसतो म्हणूनच दुरुस्ती तपासता येते.

२. कायद्यात याबद्दल काही स्पष्ट लिहिलंय का?

लिहिलंय. केंद्रीय जीएसटी नियम, २०१७ मधला नियम ५६ हिशेबाच्या वह्या-कागदांबद्दल आहे. त्याच्या पोटनियम (८) चा आशय असा: नोंदवह्या, हिशेब आणि दस्तऐवज यांतली नोंद खोडरबराने पुसायची नाही, नाहीशी करायची नाही, गिरवायची नाही. चुकीची नोंद रेघ मारून, साक्षांकित करून, मग बरोबर नोंद लिहायची. किरकोळ लेखनिकी चुकांना साक्षांकनातून सवलत आहे, पण रक्कम, दर, नग किंवा कर यांतली चूक मी त्या सवलतीत कधीच धरत नाही आणि तुम्हीही धरू नये. हिशेब संगणकावर असेल, तर बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीची लॉग ठेवावी लागते.

सरकारी कार्यालयांत कोषागारात जाणाऱ्या देयकांना हीच शिस्त पूर्वीपासून आहे. गिरवलेला आकडा तिथे चालत नाही आणि दुरुस्तीवर जबाबदार अधिकाऱ्याची सही लागते. ठेकेदारांची बिलं 'साक्षांकन नाही' म्हणून परत येतात ती याच कारणाने.

३. दोन आकडे आहेत. नोंद कुठल्या आकड्याने करू?

बहुतेक जण 'नंतर लिहिलेला तो खरा' असं धरून पुढे जातात. नंतर लिहिलेला आकडा बरोबर असण्याची शक्यता जास्त, हे मान्य. पण तो कोणी लिहिला आणि विक्रेत्याला तो मान्य आहे का, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून रकमेचा रकाना आधी बाजूला ठेवा. नग आणि दर यांचा गुणाकार स्वतः करा. त्यातून दोनपैकी एक आकडा येतो का ते बघा. मग नग डिलिव्हरी चलनाशी किंवा मालाच्या आवक नोंदीशी जुळवा आणि दर खरेदी ऑर्डरशी किंवा कोटेशनशी. त्यानंतर विक्रेत्याकडच्या कार्बन प्रतीत कुठला आकडा आहे ते विचारा. गुणाकार, चलन आणि कार्बन प्रत या तिन्हींतून एकच आकडा आला, तर त्याने नोंद करा. एकही वेगळा आला तर नोंद थांबवा आणि विक्रेत्याला कळवा.

करांचा रकानाही सोडू नका. रकमेतली चूक दुरुस्त करणारा माणूस घाईत सीजीएसटी-एसजीएसटीच्या ओळी तशाच ठेवतो. खालच्या प्रश्नात तेच घडलंय.

४. एखादं उदाहरण घेऊन पूर्ण दाखवाल का?

एका बिलात पीव्हीसी पाइपचे २४ नग आहेत, दर ३८५ रुपये. रकमेच्या रकान्यात आधी ९,४२० लिहिलं होतं. त्यावर रेघ मारून वर ९,२४० लिहिलंय. सीजीएसटी ९ टक्के ८४७.८० आणि एसजीएसटी ९ टक्के ८४७.८०, या दोन ओळींना हात लावलेला नाही. खाली एकूण रक्कम ११,११५.६० होती, ती खोडून १०,९३५.६० केली आहे. अक्षरी रकमेत अजून 'अकरा हजार एकशे पंधरा रुपये साठ पैसे' आहे. दुरुस्तीजवळ सही नाही.

२४ गुणिले ३८५ म्हणजे ९,२४०. म्हणजे वरची दुरुस्ती बरोबर आहे. जुन्या-नव्यातला फरक १८० आहे आणि त्याला ९ ने पूर्ण भाग जातो. दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो, म्हणून इथे २ आणि ४ ची अदलाबदल झाली असणार. ही खूण जुन्या मुनिमांपासून चालत आली आहे आणि आजही उपयोगी पडते. मात्र ९ ने भाग गेला म्हणजे चूक निष्पापच, असं सिद्ध होत नाही.

आता कर बघा. ९,२४० वर ९ टक्के म्हणजे ८३१.६०. बिलावरचे ८४७.८० हे ९,४२० वरचे आहेत. म्हणजे दुरुस्ती अर्धीच झाली. पाइपची रक्कम बदलली, कर जुनाच राहिला आणि एकूण रकमेत नवी किंमत व जुना कर यांची बेरीज झाली. योग्य एकूण रक्कम १०,९०३.२० हवी. या कागदावर एकूण रक्कम म्हणून ११,११५.६० आणि १०,९३५.६० हे दोन आकडे दिसतात आणि दोन्ही चूक आहेत! नुसता 'नवा आकडा' उचलणारा इथे ३२.४० रुपये जास्त देऊन बसेल, तेही कर म्हणून.

समजा, कार्बन प्रत मागवली आणि तिच्यात सगळे आकडे जुनेच निघाले: ९,४२०, ८४७.८०, ११,११५.६०. विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या तुमच्या जीएसटीआर-२बी मध्येही करपात्र मूल्य ९,४२० दिसतं. याचा अर्थ दुरुस्ती बिल फाडल्यानंतर, फक्त तुमच्या प्रतीवर झाली. विक्रेत्याच्या वहीत आणि सरकारकडे जुनंच बिल आहे. अशा वेळी तुमच्या प्रतीवरची खाडाखोड कितीही बरोबर असली तरी तिच्यावरून नोंद करू नका. बिल ९,४२० आणि त्यावरच्या करासह नोंदवा आणि विक्रेत्याकडून १८० रुपये अधिक १६.२० आणि १६.२० कर, म्हणजे २१२.४० रुपयांची क्रेडिट नोट घ्या. ती नोंदवताना ३२.४० रुपयांचं इनपुट क्रेडिट उलटवा. आता देणं १०,९०३.२० उरतं, आणि दोन्ही बाजूंचे हिशेब व पोर्टल जुळतात.

५. दुरुस्ती फक्त माझ्या प्रतीवर आहे, कार्बन प्रतीवर नाही. एवढा फरक पडतो का?

हाच खरा फरक पाडणारा मुद्दा आहे. मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात: मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी विक्रेत्याची. सेवेच्या बिलाच्या दोन. विक्रेता आपला कर स्वतःजवळच्या प्रतीवरून भरतो. त्या प्रतीत दुरुस्ती नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने बिल बदललेलंच नाही.

दुरुस्ती कधी झाली हेही कार्बनवरून कळतं. पानं फाडण्याआधी कार्बन ठेवून रेघ मारली असेल, तर रेघ आणि नवा आकडा खालच्या प्रतीवर त्याच जागी उमटतात. कार्बन प्रतीवर दुरुस्ती पेनाने वेगळी केलेली असेल तर ती नंतरची आहे. नंतरची असली तरी चालेल, पण मग दोन्ही प्रतींवर सही आणि तारीख पाहिजे.

६. दुरुस्तीवर सही कोणाची हवी? टेम्पोवाल्याने केली तर?

बिलावर खाली ज्याची सही आहे त्याची, किंवा त्या दुकानात सहीचा अधिकार ज्याला आहे त्याची. टेम्पोवाला माल पोचवतो. रक्कम बदलण्याचा अधिकार त्याला नसतो. माल उतरवताना दोन नग फुटले आणि त्याने बिलावर २४ चे २२ केले, तर ती घटना खरी असू शकते, पण ती चलनावर 'दोन नग फुटलेले, परत' अशी लिहून घ्या. बिलाची रक्कम नंतर विक्रेत्याने क्रेडिट नोटने कमी करावी.

नुसता शिक्का पुरेसा नाही. शिक्का काउंटरवर पडलेला असतो आणि तो कोणी मारला हे त्याच्यावरून कळत नाही. आद्याक्षरं आणि तारीख हवी, दुरुस्तीला चिकटून. पानाच्या तळाशी एकच सही असेल, तर ती कुठल्या दुरुस्तीसाठी आहे हे सांगता येत नाही. तीन ठिकाणी बदल असेल तर तीन ठिकाणी सही.

७. चूक स्पष्ट दिसतेय. मीच पेनाने बरोबर आकडा लिहिला तर काय बिघडलं?

कृपया लिहू नका. बिल हा विक्रेत्याचा दस्तऐवज आहे. खरेदीदाराच्या हाताने त्यावर आकडा पडला की, 'आम्ही हे लिहिलंच नाही' असं विक्रेता प्रामाणिकपणे म्हणू शकतो, आणि मग मूळची बरोबर नोंदही संशयात येते. बरोबरची टिकसुद्धा आकड्यावर नको. टिकेची शेपूट १ ला लागून ७ होतो.

तुमचा हिशेब व्हाउचरवर लिहा: 'बिलाप्रमाणे ९,४२०, गुणाकाराप्रमाणे ९,२४०, विक्रेत्याला कळवलं, तारीख अमुक.' रक्कम मंजूर करताना कमी करायची असेल तर तीही व्हाउचरवर किंवा बिलाला जोडलेल्या वेगळ्या चिठ्ठीवर. 'पास केले रु. …' हा शिक्का मारायचाच असेल तर पाठीमागे मारा.

८. आकड्यात आणि अक्षरात फरक असेल तर अक्षरी रक्कम खरी, असं ऐकलंय.

तो नियम चेकचा आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे चेक, हुंडी किंवा वचनचिठ्ठीवर आकडा आणि अक्षर यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरतात. चेक हा ठरावीक रक्कम देण्याचा आदेश असतो, त्यामुळे तिथे एक काहीतरी अंतिम मानावं लागतं. बिलाची रक्कम मात्र नग, दर आणि कर यांच्या हिशेबातून येते. त्या हिशेबाने जे निघतं ते अक्षरी ओळीमुळे बदलत नाही.

तरी अक्षरी ओळ पुरावा म्हणून फार कामाची आहे. आकडा बदलायला एक फटका पुरतो, पण 'अकरा हजार एकशे पंधरा' चे 'दहा हजार नऊशे तीन' गुपचूप करता येत नाहीत. म्हणून बिल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकूण किती होतं, ते अक्षरी ओळ सांगते. प्रश्न ४ मधल्या बिलात तिनेच सांगितलं.

जाता जाता: चेकवर अशी दुरुस्ती सही करूनही चालत नाही. सीटीएस क्लिअरिंगमध्ये तारखेची मुदत वाढवण्याव्यतिरिक्त कुठलाही बदल असेल तर नवा चेक द्यावा लागतो. बिल दुरुस्त झालं म्हणून आधी लिहिलेला चेकही दुरुस्त करायला जाऊ नका.

९. मी दुकानदार आहे. बिल लिहिता लिहिता चूक झाली, तर नेमकं काय करू?

पान अजून फाडलं नसेल आणि चूक एकाच जागी असेल, तर कार्बन जागेवर ठेवून जुन्या आकड्यावर एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, बाजूला सही. मग खालच्या सगळ्या ओळी पुन्हा मोजा: करपात्र रक्कम, दोन्ही कर, एकूण, अक्षरी. पूर्ण बिल लिहून झाल्यावर लक्षात आलेली एका ओळीतली चूक साधारण चार ठिकाणी उतरलेली असते.

चार ठिकाणी खोडावं लागत असेल तर ते बिल रद्दच करा. सगळ्या प्रतींवर तिरपी रेघ, ठळक 'रद्द', आणि सगळ्या प्रती बिलबुकातच चिकटवून ठेवा. फाडून फेकू नका. बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात आणि मधलाच क्रमांक गायब असेल तर तपासणीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. नवं बिल पुढच्या क्रमांकाने करा. तोच क्रमांक पुन्हा वापरू नका, कारण मग एका क्रमांकाची दोन बिलं बाजारात फिरतात.

माल निघून गेला, मूळ प्रत गिऱ्हाइकाकडे पोचली, तर ती मागवून रद्द करा. मागवता येत नसेल तर क्रेडिट किंवा डेबिट नोट. 'रिवाइज्ड इनव्हॉइस देऊ का?' असं बरेच जण विचारतात. जीएसटी कायद्यात हा शब्द एका वेगळ्याच प्रसंगासाठी आहे: नोंदणी लागू झाल्याच्या तारखेपासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत दिलेल्या बिलांसाठी. रकमेची चूक सुधारायला तो मार्ग नाही.

१०. विक्रेत्याचं जीएसटीआर-१ भरून झालंय. आता?

दोन वेगळ्या चुका इथे एकमेकींत मिसळतात. बिल दोन्ही प्रतींवर नीट दुरुस्त होतं, पण विवरणपत्र भरणाऱ्याने खोडलेला आकडा टाकला, तर चूक विवरणपत्रात आहे. ती विक्रेत्याने विवरणपत्रातच दुरुस्त करायची. त्याच महिन्याचं जीएसटीआर-३बी भरलं नसेल तर २०२४ पासून उपलब्ध असलेल्या जीएसटीआर-१ए मधून, नाहीतर पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मधल्या दुरुस्तीच्या तक्त्यातून.

याउलट बिलच चुकीच्या रकमेने गेलं असेल, तर विवरणपत्र बरोबरच आहे. ते बिलाप्रमाणे भरलंय. तिथे रक्कम जास्त लावली असेल तर कलम ३४ खाली क्रेडिट नोट आणि कमी लावली असेल तर डेबिट नोट. क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवायला मुदत आहे: ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांतलं जे आधी येईल ते. मार्चमधलं बिल डिसेंबरात 'आता लक्षात आलं' म्हणून काढणाऱ्यांची इथे अडचण होते.

तुम्ही खरेदीदार असाल तर इनपुट क्रेडिट जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं त्यापेक्षा जास्त घेऊ नका, कागदावर कितीही मोठा आकडा असो. आणि बिलावर तुम्हाला लावलेल्या करापेक्षा २बी मध्ये जास्त दिसत असेल तर तेही घेऊ नका. विक्रेत्याला विचारा.

११. संगणकावर छापलेल्या बिलावर पेनाने रक्कम बदलली आहे. ते चालेल?

मी ते घेत नाही. छापील बिल ज्या सॉफ्टवेअरमधून आलं तिथे जुनाच आकडा आहे आणि पुन्हा छापायला मिनिटभर लागतो. तरीही पेन वापरलं असेल तर त्याचं कारण विचारायलाच हवं.

ई-इनव्हॉइस असेल तर प्रश्नच उरत नाही. त्याची रक्कम पोर्टलवर नोंदलेली असते आणि बिलावरच्या क्यूआर कोडमध्ये एकूण मूल्य असतं. कोड स्कॅन केला की पेनाने काहीही लिहिलेलं असलं तरी मूळ आकडा समोर येतो. ई-इनव्हॉइस २४ तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण रद्द करता येतं, अंशतः बदलता येत नाही. रद्द केलेला क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की प्रश्न १० मधला क्रेडिट नोटचा मार्ग.

१२. आकडा खोडलेला नाही, पण नीट कळतही नाही. १ आहे की ९?

आपल्याकडे एकाच बिलावर मराठी आणि इंग्रजी आकडे एकत्र येतात, त्यातून हा गोंधळ होतो. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा, मराठी ७ इंग्रजी सहासारखा. नग मराठीत, दर इंग्रजीत, अशीही बिलं असतात. काही वेळा तर कोणीतरी मराठी १ ला 'अर्धवट नऊ' समजून पूर्ण करतं, आणि दिसते ती खाडाखोड.

इथे शाईचा रंग, पेनाचा दाब असल्या परीक्षेत शिरू नका. त्याच हाताने लिहिलेले बिलावरचे इतर आकडे बघा: तारीख, बिल क्रमांक, जीएसटी क्रमांकातले अंक. तो माणूस आपला १ कसा काढतो ते लगेच कळतं. नंतर प्रश्न ३ प्रमाणे गुणाकार. तरीही कळलं नाही तर फोन करून थांबू नका, लेखी विचारा. व्हॉट्सअॅपवर बिलाचा फोटो पाठवून 'दर ११० की १९०?' एवढं विचारलं आणि उत्तर आलं तरी तो कागद व्हाउचरला जोडण्यासारखा असतो.

व्हाईटनर लावलेलं किंवा ब्लेडने खरवडलेलं बिल मात्र या वर्गात येत नाही. तिथे जुना आकडा मुद्दाम नाहीसा केला आहे. ते परत पाठवा.

१३. साधी चूक आणि लबाडी, यांतला फरक कसा ओळखायचा?

साधी चूक बहुधा रक्कम कमी किंवा जास्त, कुठेही नेते, आणि ती सुधारणारा खालच्या ओळीही सुधारायचा प्रयत्न करतो, भले तो अर्धवट राहो. मला काळजी वाटते ती फक्त एकूण रकमेत बदल असलेल्या बिलाची, ज्यात वरच्या ओळी स्वच्छ आहेत आणि बदल वाढीकडे आहे. पुढे एक अंक जोडला जातो (८५० चे १,८५०), मागे शून्य वाढतं, किंवा १ चा ४ आणि ३ चा ८ होतो. हे अंक याच दिशेने बदलता येतात. ८ चा ३ सहज होत नाही.

दुसरी खूण मर्यादेच्या आसपासची. धंद्याच्या खर्चात एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर सर्वसाधारणपणे आयकरात तो खर्च धरत नाहीत. म्हणून १०,४०० खोडून ९,९०० केलेलं रोखीचं बिल दिसलं, तर नगांची संख्या चलनाशी जुळवल्याशिवाय सोडू नका. तसंच संस्थेत पाच हजारांवर समितीची मंजुरी लागत असेल आणि बिल ५,२०० चं ४,९५० झालं असेल, तर तेच.

खाडाखोड दिसली म्हणून समोरच्याला लगेच चोर ठरवू नका. आधी कार्बन प्रत मागा. ती द्यायला जो खळखळ करतो त्याच्याकडे नीट बघा. जीएसटी कायद्याच्या कलम १२६ मध्येही फसवणुकीचा हेतू नसलेल्या, सहज सुधारता येणाऱ्या कागदी चुकांना आणि ५,००० रुपयांपेक्षा कमी कर गुंतलेल्या किरकोळ उल्लंघनांना दंड लावू नये, असं म्हटलंय.

१४. प्लंबर, हमाल, किरकोळ दुकान यांच्या पावत्यांना कार्बन प्रत नसतेच. आमच्या सोसायटीने काय करायचं?

तिथे पावतीवर पैसे घेणाऱ्याचीच सही घ्या, तीही दुरुस्तीजवळ आणि पैसे देतानाच. तो दुसऱ्या दिवशी सापडत नाही. शक्य असेल तर यूपीआयने द्या, म्हणजे प्रत्यक्ष गेलेली रक्कम बँकेत दिसते आणि पावतीवरच्या दोन आकड्यांपैकी कुठला खरा याचा वाद राहत नाही.

पावती आली, माणूस गेला, दोन आकडे आणि सही नाही, असं झालं तर प्रत्यक्ष दिलेली रक्कम नोंदवा, सोबत काम करून घेणाऱ्या सभासदाचं लेखी निवेदन जोडा. नवी पावती स्वतः लिहून त्यावर त्याचं नाव टाकू नका. अपुरा कागद लेखापरीक्षकाला समजावता येतो. बनवलेला कागद समजावता येत नाही.

१५. शेतकरी आहे. आडत्याच्या पट्टीवर वजन खोडून कमी केलंय, रक्कम त्याप्रमाणे बरोबर आहे.

म्हणजे गुणाकार जुळतो, पण तुमचा प्रश्न सुटत नाही. इथे प्रश्न ३ मधलं चलनाचं काम काटापट्टी करते. वजनकाट्याची मूळ पावती घ्या आणि पट्टीवरचं जुनं व नवं वजन तिच्याशी लावून बघा. काटापट्टी जुन्या वजनाशी जुळत असेल, तर घट कशाची धरली ते पट्टीवरच लिहून मागा: पोत्याचं वजन, ओला माल, खराब माल. कारण लिहून दिलं नाही तर ती पट्टी आणि काटापट्टी यांचे फोटो घेऊन बाजार समितीच्या कार्यालयात लेखी तक्रार करा. मूळ पट्टी मात्र कोणालाही 'दुरुस्त करून देतो' म्हणून परत देऊ नका. आधी प्रत काढा.

१६. स्कॅन करताना आणि टॅलीत टाकताना काय काळजी घ्यायची?

रंगीत स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये लाल रेघ आणि निळा आकडा एकाच रंगाचे होतात. मग रेघ मारलेला ९,४२० नुसताच गिचमीड दिसतो. बिलाची पाठही स्कॅन करा, तिथे शेरे असतात.

सॉफ्टवेअरच्या रकान्यात एकच आकडा जातो, म्हणून दुसरा नॅरेशनमध्ये लिहा: 'बिलात ९,४२० खोडून ९,२४०, विक्रेत्याची सही आहे' किंवा 'सही नाही, क्रेडिट नोट येणे'. चुकीच्या आकड्याने नोंद आधीच झाली असेल तर ती उडवू नका, बदला. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा माग बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, त्यामुळे उडवलेली नोंदही मागे दिसतेच. भागीदारी किंवा सोसायटीला तो कंपनी नियम लागू नसला, तरी जीएसटी नोंदणी असेल तर प्रश्न २ मधली लॉगची अट आहेच.

मूळ कागद जपा. जीएसटीखाली हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. तेवढ्या काळात बिलावरची अक्षरं पुसट होऊ शकतात.

१७. आम्ही दुरुस्त आकड्याने पैसे दिले. आता विक्रेता म्हणतो, दुरुस्ती आमची नाही, उरलेले द्या.

बदललेल्या कागदावर जो विसंबतो, बदल कसा झाला हे सांगण्याची पाळी त्याच्यावर येते. म्हणजे तुमच्यावर. दुरुस्तीवर त्यांची सही असेल तर ती दाखवा आणि विषय तिथेच मिटतो. सही नसेल तर कागदावर भांडू नका, हिशेबावर या: चलनावरचे नग, ऑर्डरवरचा दर, त्यांचा गुणाकार. प्रश्न ४ मधल्या बिलात २४ नग आणि ३८५ चा दर विक्रेत्यालाही नाकारता येत नाही, मग ९,२४० नाकारता येत नाही.

हिशेब तुमच्या बाजूने असेल तर क्रेडिट नोट मागा आणि ती येईपर्यंत त्यांच्या खात्यात फरक तसाच येणे-देणे म्हणून दिसू द्या. हिशेब त्यांच्या बाजूने निघाला, म्हणजे मूळ आकडाच बरोबर होता आणि मधल्या कोणीतरी तो कमी केला, तर फरक देऊन टाका, त्यांच्याकडून खातेउतारा घ्या आणि ते बिल दुकानापासून तुमच्या टेबलापर्यंत कोणाकोणाच्या हातातून आलं याची चौकशी करा.